भिंतीलगतचा वारा

खैरओढ्याच्या साखर कारखान्यात सगळ्यात वाईट जागा कोणती असं कुणालाही विचारलं असतं, तर त्यानं बोट केलं असतं गंधकघराकडे. उसाचा रस पांढरा व्हावा म्हणून त्यात गंधकाचा धूर सोडतात. तो धूर करायच्या भट्ट्या तिथं. लोकांना चहात पांढरीशुभ्र साखर हवी, आणि त्यासाठी कुणीतरी खोकत बसायचं, असा एकूण हिशेब. दोन भट्ट्या होत्या तोवर माणसं कशीबशी निभावत होती. दुसरी मोठी लढाई संपली, साखरेची मागणी वाढली, आणि मालकांनी तिसरी भट्टी बांधली. तेव्हा मात्र गंधकघरातली माणसं दारातच बसली. तिसरी पेटवाल तर आम्ही आत येत नाही, म्हणाली.

त्यांचा मुकादम कानिफनाथ. काष्टीचा गडी, घरी थोडी जिराईत, म्हणून हंगामाला कारखान्यावर. अंगानं आडवा, बोलायला सरळ. मालकांनी धूर ओढायला नवा पंखा बसवला, भट्ट्यांवर पत्र्याची छत्रं लावली, छत्रांपासून पंख्यापर्यंत दोन फूट व्यासाचं गोल नळकांडं टाकलं. तरी कानिफनाथ हलेना.

"पंखा फिरतोय ते दिसतंय आमाला," तो म्हणाला. "पन वडतोय किती? ते यज्ञेश्वर सायबांनी मोजून सांगावं. त्ये व्हय म्हनले तर आमी आत. दुसऱ्या कुनाचं ऐकायचं न्हाई."

यज्ञेश्वर म्हणजे यज्ञेश्वर धर्माधिकारी, धाकटा इंजिनिअर. नगरच्या भिक्षुकाचा मुलगा, पुण्यात शिकलेला, चष्मा लावणारा, चारचौघांत बोलताना अडखळणारा. त्याच्यावर एवढा भरवसा का? तर गेल्या हंगामात उसाची मोळी उचलणाऱ्या साखळीची एक कडी त्याला झिजलेली दिसली, आणि मिल बंद पडेल म्हणून सगळे ओरडत असताना या अडखळणाऱ्या माणसानं साखळी खाली उतरवायला लावली. तेव्हा कानिफनाथ ऊस उतरवायच्या कामावर होता, रोज त्या साखळीखाली उभा असायचा. तो ते विसरला नव्हता. माणसं असलं काही विसरत नाहीत, आणि तेच पुढं वाईट ठरतं.

मोठे इंजिनिअर शामकांतराव गुर्जर. त्यांनी हे ऐकलं आणि हसत हसत यज्ञेश्वरच्या पाठीवर थाप मारली. "बघ, आमच्यापेक्षा तुझी पत जास्त. मोज बाबा. मिनिटाला सहा हजार घनफूट निघाले की तिन्ही छत्रं धूर धरतात, असं पंखेवाल्यांनीच लिहून दिलंय. त्याच्या खाली आलं तर छत्राच्या कडेवरून धूर बाहेर लोळणार. काढ सहा हजार आणि घाल त्यांना आत."

यज्ञेश्वरनं दुपारी फळ्यांचं मचाण बांधून घेतलं आणि नळकांड्याजवळ चढला. भट्ट्या विझलेल्या, नुसता पंखा चालू, आत स्वच्छ हवा. नळकांड्याचा लांब सरळ भाग त्यानं निवडला, कारण वळणाजवळ वारा वाकडातिकडा वाहतो आणि मोजणाऱ्याला फसवतो. दोन भोकं पाडली, एक वरून, एक बाजूनं, म्हणजे आडवं आणि उभं असं दोन्हींकडून आरपार जाता येईल.

मोजायची नळी पितळेची, बोटाएवढी जाड, टोकाला काटकोनात वळलेली. तिचं तोंड वाऱ्याकडे करायचं. वारा त्या तोंडात शिरतो आणि पुढं वाट नाही म्हणून तिथंच थबकतो, आणि थबकताना जोर लावतो. त्याच नळीच्या अंगाला बारीक छिद्रं असतात, त्यांत वारा शिरत नाही, नुसता नळकांड्यातला आहे तो दाब लागतो. दोन्ही दाबांमधला फरक तिरक्या काचेतल्या पाण्यावर वाचायचा. तो फरक म्हणजे वेग नव्हे बरं का. वेग दुप्पट झाला तर फरक चौपट होतो. म्हणून प्रत्येक आकड्याचं आधी वर्गमूळ काढायचं आणि मग सरासरी. हे उलट केलं की वेग उगाच फुगतो. नगर भागाची समुद्रापासूनची उंची, हवेचा उबारा, यांनी हवा पातळ होते हेही त्यानं धरलं. तो माणूस तसा चोख होता. होता, असंच म्हणायला हवं.

आता नळी कुठं कुठं धरायची, यातच सगळी मेख. नळकांड्याच्या मधोमध वारा जोरात धावतो, भिंतीला घासून जाणारा रेंगाळतो. यज्ञेश्वरनं गोलाचे मनातल्या मनात पाच भाग केले, मधे एक गोल आणि त्याभोवती चार कडी, सगळ्यांचं क्षेत्रफळ सारखं. प्रत्येक भागात डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा वाचलं. मग दुसऱ्या भोकातून पुन्हा तसंच. सारख्या क्षेत्रफळाची कडी करायची म्हटलं की बाहेरची अरुंद होतात, म्हणून त्याची वाचनं भिंतीकडे दाटीनं आली आणि मधे विरळ. मधोमध पाणी तीन दशांश इंच चढत होतं. भिंतीजवळ एक दशांशालाही टेकेना.

तिथंच त्यानं पुन्हा एकदा वाचलं. भिंतीजवळ वारा मंद असतो हे ठीक, पण इतका? त्यानं दिवा घेऊन आत डोकावून पाहिलं. लढाई संपली तरी नवा पत्रा मिळत नव्हता म्हणून नळकांडं जुन्या टाकीच्या पत्र्यांचं केलं होतं. आत रिव्हेटांची डोकी वर आलेली, डांबराचे पोपडे, सांध्यांच्या कडा ओठांसारख्या पुढं आलेल्या. वारा त्यांवर अडखळत होता.

खाली उतरून त्यानं हिशेब केला. मधला वेग मिनिटाला तेवीसशे फूट, पण सगळ्या गोलाची सरासरी साडेसतराशेच. क्षेत्रफळ तीन पूर्णांक एक सप्तमांश चौरस फूट. गुणाकार साडेपाच हजार. पुन्हा केला. साडेपाच हजार. दोन छत्रांना पुरून उरेल, तिसऱ्याला पुरणार नाही.

शामकांतरावांनी आकडा ऐकला आणि ते स्वतः मचाणावर चढले. पन्नाशी उलटलेला माणूस, धोतराचा सोगा खोचून चढला. त्यांनी नळीवर दर दोन इंचाला खडूच्या खुणा केल्या आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सारख्या अंतरावर वाचत गेले. दुसऱ्या भोकातूनही तसंच. वर्गमुळं काढली, बेरीज केली, भागाकार केला.

"सहा हजार ऐंशी," ते म्हणाले. "हे बघ. एकही आकडा खोटा नाही."

"आकडे खरे आहेत, पण जागा चुकल्या," यज्ञेश्वर म्हणाला. तो अडखळत होता, पण थांबला नाही. "रावसाहेब, खळ्यावर पाहा. मधल्या खुंटाला, तिवड्याला लागून चालणारा बैल दोन पावलांत फिरतो, आणि काठाचा बैल केवढी फेरी मारतो! खळ्यातलं धान्य काठाकडेच जास्त. तसंच हे आहे. केंद्राभोवतीच्या दोन इंचांचा वाटा शंभरात तीनसुद्धा नाही, आणि भिंतीलगतच्या दोन इंचांचा वाटा तीस. तुम्ही भिंतीजवळच्या मंद वाऱ्याला आणि मधल्या जोरदार वाऱ्याला एकाच मापानं धरलंत. मधला वारा फुकट मोठा झाला."

शामकांतरावांनी चष्मा काढून पुसला. ते काही अडाणी नव्हते. त्यांना कळलं होतं, आणि कळूनही ते बोलले, हेच तर दुःख.

"ऐक. पंखेवाल्यांच्या करारात काय लिहिलंय? सरासरी वेग गुणिले क्षेत्रफळ. कोणती सरासरी, ते लिहिलेलं नाही. माझीही सरासरीच आहे. आमच्या जुन्या साहेबानं आम्हाला अशीच शिकवली."

"पण हवा कमी जाईल ती जाईलच ना?"

"आठ टक्के रे! तुझ्या त्या नळीचीच चूक दोन-तीन टक्के असेल. बरं, पंखा जोरात फिरवायचा म्हटलास, तर वेग नऊ टक्के वाढवायला ताकद तीस टक्के जास्त लागते, ती मोटर जळेल. मोठी मोटर मुंबईहून यायला संक्रांत उजाडेल. तोवर ऊस वाळवायचा का? मी मागवतो मोटर. माझा शब्द. आणि तू नाही म्हणालास ना, तर मालक काय करतील ठाऊक आहे? कानिफनाथाच्या टोळीला घरी बसवतील आणि परमुलखातून कुणाला तरी आणतील, जे विचारणारसुद्धा नाहीत. तू त्यांचं भलं करतोयस की वाटोळं?"

यज्ञेश्वर तिथून निघाला. शेवटच्या वाक्यानं त्याला गाठला. घरी आल्यावर सुचित्रानं, त्याच्या बायकोनं, ताट वाढलं. त्यानं ताट बाजूला सारलं. तिनं विचारलं तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अहो, मग साडेपाच हजार आहेत तर साडेपाच हजारच सांगा की. त्यात एवढं काय?" त्याला तिचा राग आला. खरं इतकं सोपं असतं तर काय हवं होतं, असं म्हणून तो उठला. तिचं चुकलं काहीच नव्हतं, म्हणून तर राग.

सकाळी गंधकघराच्या दारात टोळी उभी होती. शामकांतराव मागं, हात पाठीवर. कानिफनाथ पुढं आला.

"बोला साहेब. वडतोय का पुरेसं?"

इथं यज्ञेश्वरनं एक शहाणपण केलं. शिकलेल्या माणसाचं शहाणपण. त्यानं 'पुरेसं आहे' असं म्हटलंच नाही. तो म्हणाला, "वाचनांची सरासरी घेतली. सहा हजार ऐंशी येते. हवे होते सहा हजार."

शब्दाला शब्द खरा. वाचनांची सरासरी तेवढीच येत होती, कुठल्या वाचनांची ते त्यानं पोटात ठेवलं. रात्रभर त्यानं तेच वाक्य घोळवलं होतं. या 'सरासरी' शब्दाच्या आड आपण लपू, आपल्यावर खोट्याचा डाग येणार नाही, असं त्या भल्या माणसाला वाटलं.

कानिफनाथला सरासरीशी काय करायचं होतं? तो टोळीकडे वळून ओरडला, "ऐकलं का रं? सायबांनी मोजलं! ऐंशी वरच हाय. चला, पेटवा!" आणि सगळ्यांच्या आधी तोच आत गेला.

तिसरी भट्टी पेटली. पहिल्या दोन छत्रांनी धूर धरला. तिसरं पंख्यापासून सगळ्यात लांब, त्याच्या वाट्याला ओढ उरली नाही. धूर छत्राखाली भरायचा, कडेवरून ओसंडायचा, आणि थंड होत खाली उतरायचा, माणसाच्या तोंडाच्या उंचीला. तिसऱ्या भट्टीवर कोण जाणार, यावरून टोळीत कुरबुर झाली, तेव्हा कानिफनाथ म्हणाला, मी जातो. आणि कुरबुर करणाऱ्यांना त्यानं झापलं. "सायबांनी मोजलंय म्हनतोय ना! तुमचं नाक काय सायबाच्या नळीपेक्षा शानं हाय व्हय?"

संक्रांत आली नि गेली. मोटर आली नाही. यज्ञेश्वर शामकांतरावांकडे गेला, एकदा, दोनदा, आणखी किती वेळा. मुंबईहून उत्तर नाही, बंदरात माल अडकलाय, मालक म्हणतात चाललंय ना मग कशाला, असं रोज नवं. शेवटी तो चिडून म्हणाला, "मी त्यांना खरं सांगतो." शामकांतराव वर न बघताच बोलले, "सांग. पण सहा हजार ऐंशी हा आकडा तुझ्या तोंडून गेलाय. मी तिथं एक अक्षर बोललो नव्हतो."

यज्ञेश्वर त्या दिवशीही सांगू शकला असता. गंधकघर काही हाकेच्या बाहेर नव्हतं. पण उद्या मोटर येईल, परवा येईल, मग सांगायची वेळच पडणार नाही, असं करत त्यानं दिवस ढकलले. भित्र्या माणसाला आशा फार लवकर सुचते.

होळीच्या सुमारास कानिफनाथ भट्टीपुढं बसला तो उठेना. उचलून बाहेर आणला तर श्वास घेताना छातीत पोपट ओरडावा तसा आवाज. कारखान्याच्या डॉक्टरनं त्याला घरी धाडला. कारखान्यात रीत अशी, की माणूस पडला तर त्याच्या जागी घरचाच कुणी बदली म्हणून यायचा, नाहीतर जागा जाते. हे यज्ञेश्वरला ठाऊक होतं, पण त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

आठवडे बाजाराच्या दिवशी तो काष्टीला गेला. बाजाराची गर्दी ओलांडून, विचारत विचारत घर गाठलं. कानिफनाथ ओट्यावर भिंतीला पाठ टेकून बसला होता. आडवं अंग निम्मं झालं होतं. साहेबाला पाहून तो उठायला लागला आणि खोकल्यानं त्याला खाली बसवलं. बायको बनुबाई पाणी घेऊन आली. दाराशी धाकटा भाऊ सहादेव, विशीबाविशीचा, नवं धोतर नेसून, खांद्यावर भाकरीचं गठुडं टाकून निघण्याच्या तयारीत.

"बरं झालं आलात," कानिफनाथ दम खात म्हणाला. "ह्यो सहादेव. माझा बदली. गंधकघरातच घेत्यात. जरा लक्ष असू द्या."

यज्ञेश्वरनं हातातलं पाणी खाली ठेवलं.

"त्याला पाठवू नकोस," तो म्हणाला.

"का वं?"

"पंखा कमी ओढतो. तिसऱ्या भट्टीला पुरत नाही. मला आधीपासून माहीत होतं. मी मोजलं तेव्हा साडेपाच हजार आले होते, कानिफनाथ. मी तुम्हाला दुसराच आकडा सांगितला."

एवढं बोलायला त्याला सगळा हंगाम लागला होता, आणि आता एकदाही न अडखळता बोलला. त्याला वाटलं, कानिफनाथ शिव्या घालेल. घालाव्यात असंच त्याला वाटत होतं. अंगावर धावून आला तरी चालेल. पण कानिफनाथ त्याच्याकडे पाहत राहिला आणि हळूहळू त्याच्या तोंडावर हसू आलं. लई मायेचं हसू.

"साहेब," तो म्हणाला, "कशाला असं बोलता? डाक्टर मला म्हनला, दुसऱ्यांना काय झालं न्हाई, तुझ्याच छातीत खोट हाय. माझा बा असाच गेला. मला वाईट वाटू नये म्हनून तुमी आपल्या डोक्यावर घेताय. मला कळतंय."

"नाही रे! खरंच सांगतोय. दुसऱ्यांना झालं नाही, कारण ते पहिल्या दोन भट्ट्यांवर होते. तू तिसऱ्यावर होतास." यज्ञेश्वर उकिडवा बसला, काडी घेऊन अंगणातल्या मातीत गोल काढायला लागला. "हे बघ, मधे वारा जोरात असतो, काठाला कमी, आणि काठाचाच वाटा मोठा..."

कानिफनाथनं त्याच्या हातातली काडी अलगद काढून घेतली. "ऱ्हाऊ द्या. तुमी त्या साखळीच्या टायमाला मालकालाबी भ्याला न्हाईत. तुमी खोटं मोजनार व्हय? मी सगळ्या टोळीला सांगितलंय, ह्या मानसाचा आकडा म्हंजी दगडावरची रेघ. आता मला खोटं पाडता का?"

बनुबाई इतका वेळ दाराची चौकट धरून उभी होती. ती काही हसली नाही. तिनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा दिराकडे, आणि मग सरळ यज्ञेश्वरच्या डोळ्यांत.

"साहेब, मला अडानीला एवढंच सांगा. खोटं नेमकं कवा बोलला तुमी? तवा, का आत्ता?"

"तेव्हा," यज्ञेश्वर म्हणाला. "देवाशपथ, तेव्हा."

"आत्ता," कानिफनाथ बायकोला म्हणाला. "आत्ता बोलत्यात, माझ्यासाठी. अगं, असा मानूस मिळायचा न्हाई. चहा ठेव सायबाला." आणि दाराकडे हात करून, "तू नीघ रं सहादेवा. पहिल्याच दिशी उशीर नको."

यज्ञेश्वर उठून वाटेत आडवा आला, सहादेवचा दंड धरला. नको जाऊस, म्हणाला. दोनदा म्हणाला. सहादेव लाजला. एवढा मोठा साहेब आपल्याला हात लावतोय, याचंच त्याला अवघडल्यासारखं झालं. त्यानं दंड सोडवून घेतला, वाकून यज्ञेश्वरच्या पायांना हात लावला आणि गठुडं सावरत रस्त्याला लागला.

बनुबाई आत गेली. चहा तिनं ठेवला नाही.